पगारदार माणसाने जकातचा हिशोब कसा करायचा: तारीख, निसाब, काय धरायचं आणि कोणाला द्यायची

जकात म्हणजे मुसलमानाने आपल्या शिल्लक मालातून दरवर्षी काढायचा ठराविक हिस्सा. तिच्याबद्दल नोकरी करणाऱ्यांचा पहिला प्रश्न जवळजवळ नेहमी एकच असतो, माझा पगार एवढा आहे तर माझी जकात किती. या प्रश्नातच गडबड आहे, कारण जकात पगारावर नसते. वर्षभरात किती आले याच्याशी तिचा संबंध नाही, वर्ष पूर्ण झालं त्या दिवशी तुमच्याकडे काय शिल्लक आहे त्यावर ती लागते. महिन्याला लाख कमावून सगळे खर्च करणाऱ्यावर कदाचित काहीच लागणार नाही आणि वीस हजार कमावणाऱ्याने दहा वर्षं थोडंथोडं बाजूला टाकलं असेल तर त्याच्यावर लागेल. काही आजचे उलमा पगार हातात येताच जकात काढायला सांगतात आणि मलेशियात तशी पद्धत चालूही आहे, पण चारही मजहबचा, म्हणजे हनफी, शाफई अशा चारही परंपरांचा, जुना आणि सर्वमान्य मसला म्हणजे नियम शिलकीचाच आहे आणि हा लेख त्यावरच आहे.

अजून एक गोष्ट आधीच सांगतो. खाली मी मुख्यतः हनफी पद्धतीने हिशोब मांडलाय, जिथे शाफई मसला खरंच वेगळा पडतो तिथे तसं लिहिलंय. दोन्हीतलं सोयीचं तेवढं उचलून तिसराच हिशोब करू नका, आपला मजहब धरा आणि अडलं तर आपल्या मुफ्तींना विचारा.

तारीख ठरवणं, हेच सगळ्यात जास्त राहून जातं

जकातचं वर्ष चंद्राचं असतं, साधारण ३५४ दिवसांचं. ज्या दिवशी तुम्ही आयुष्यात पहिल्यांदा निसाबाचे मालक झालात, म्हणजे जकात लागायला जेवढी किमान मालमत्ता लागते तेवढी तुमच्याकडे झाली, त्या दिवसाची हिजरी तारीख ही तुमची जकातची तारीख. समजा नोकरी लागल्यावर शाबानच्या १० तारखेला बचत तिथपर्यंत पोचली, तर दरवर्षी १० शाबानला हिशोब करायचा. रमजानच पाहिजे असं काही नाही. बरेच लोक सवाब जास्त म्हणून रमजानात देतात, ते चांगलंच आहे, पण तुमची तारीख सफरमध्ये येत असेल तर हिशोब सफरमध्येच करायचा, उगाच सहा-सात महिने लांबवायचा नाही. पुढच्या सफरमध्ये देणं लागणार म्हणून आधीच्या रमजानात आगाऊ देऊन टाकली तर मात्र चालतं.

आता खरं सांगायचं तर बहुतेकांना ती पहिली तारीख आठवतच नाही. अशा वेळी अंदाज बांधायचा, पहिली एफडी कधी केली, लग्नात सोनं कधी मिळालं, जुनं पासबुक काय म्हणतं, आणि जी तारीख मनाला पटेल ती एकदाची लिहून ठेवायची. एकदा ठरली की दरवर्षी बदलायची नाही. बोनस आला म्हणून पुढे ढकल, मोठा खर्च झाल्यावर हिशोब कर, असं करणं चुकीचं आहे.

इंग्रजी तारखेने हिशोब करणाऱ्यांचा एक बारीक घोटाळा होतो. इंग्रजी वर्ष चंद्राच्या वर्षापेक्षा साधारण ११ दिवसांनी मोठं, त्यामुळे ३३ वर्षांत एका अख्ख्या वर्षाची जकात हिशोबातून गळते. ऑफिसच्या किंवा बँकेच्या कागदांमुळे इंग्रजी तारीखच धरावी लागत असेल तर जकातच्या नेहमीच्या अडीच टक्क्यांऐवजी सुमारे २.५८ टक्के काढा, तो फरक भरून निघतो. पण मोबाईलवर हिजरी कॅलेंडर असताना एक तारीख लक्षात ठेवणं काही अवघड नाही.

मग मधल्या वर्षाचं काय? हनफी मसला असा की वर्षाच्या सुरुवातीला निसाब होता आणि शेवटीही आहे तर मध्ये बॅलन्स खाली गेला तरी वर्ष तुटत नाही, फक्त सगळंच संपून शून्य होता कामा नये. आणि मध्ये जे पैसे वाढत गेले, बोनस, इन्क्रिमेंटचे एरियर्स, कोणी दिलेली भेट, ते सगळं जुन्या पैशांत मिसळलं असं धरायचं, प्रत्येक रकमेचं वेगळं वर्ष मोजायचं नाही. म्हणजे तारखेच्या वीस दिवस आधी बोनस आला तरी त्यातलं जे शिल्लक आहे ते धरायचं. "याला अजून वर्ष झालं नाही" हे वाक्य हनफी पगारदारांकडून मी इतक्यांदा ऐकलंय की मुद्दाम लिहितोय. शाफई मसल्यात मात्र पैसे वर्षभर निसाबाच्या वर राहणं गरजेचं आहे आणि नव्याने आलेल्या रकमेचं वर्ष वेगळं चालतं. पण दर महिन्याच्या बचतीचं वेगळं वर्ष मोजत बसणं फार किचकट होतं, म्हणून बरेच शाफई लोकही सगळ्याची जकात एकाच तारखेला काढतात आणि ज्याचं वर्ष भरायचंय त्याची आगाऊ दिली असं धरतात.

निसाब किती, आणि तोळ्याची भानगड

सोन्याचा निसाब साडेसात तोळे, चांदीचा साडेबावन्न तोळे, हे सगळ्यांना पाठ असतं. पण हे तोळे जुने आहेत, एक तोळा ११.६६४ ग्रॅमचा. सराफाकडे आज तोळा म्हणजे १० ग्रॅम. त्यामुळे ७५ ग्रॅम सोनं किंवा ५२५ ग्रॅम चांदी धरून हिशोब केला तर निसाबच चुकतो. ग्रॅममध्येच लक्षात ठेवा, सोनं ८७.४८ ग्रॅम, चांदी ६१२.३६ ग्रॅम. अरब देशांतल्या फतव्यांत ८५ आणि ५९५ ग्रॅम असे आकडे दिसतात, मूळ दीनार-दिरहमचं वजन काढण्याच्या पद्धतीमुळे तो फरक आहे, त्यात घाबरण्यासारखं काही नाही.

आता महत्त्वाचं. ८७.४८ ग्रॅमचा निसाब फक्त त्याच्यासाठी, ज्याच्याकडे निव्वळ सोनं आहे आणि दुसरं काहीच नाही, चांदी नाही, रोकड नाही, बँकेत पैसे नाहीत. असा माणूस आजकाल सापडणं कठीण. ज्याच्याकडे थोडं सोनं आणि थोडे पैसे, किंवा नुसते पैसे, त्याच्यासाठी हनफी उलमा चांदीचा निसाब धरतात, कारण त्यात गरिबाचा फायदा जास्त. सगळं एकत्र करून किंमत काढायची आणि ती ६१२.३६ ग्रॅम चांदीच्या किमतीएवढी किंवा जास्त झाली की माणूस साहिबे-निसाब झाला.

"माझ्याकडे तीनच तोळे सोनं आहे, साडेसात नाही, म्हणजे माझ्यावर जकात नाही" हे घराघरांत चालतं आणि वर्षानुवर्षं जकात बुडण्याचं हे सगळ्यात मोठं कारण. तीन तोळ्यांच्या जोडीला खात्यात चार-पाच हजार जरी असले तरी हिशोब चांदीवर जातो आणि चांदीच्या निसाबाच्या कितीतरी वर पोचतो.

भाव कोणता? ज्या दिवशी वर्ष पूर्ण होतं त्या दिवसाचा, तुमच्या शहरातला. मागच्या वर्षीचा नाही, खरेदीच्या वेळचाही नाही.

काय धरायचं

एक कागद घ्या आणि तारखेच्या दिवशी सगळे आकडे एकाच वेळी उतरवा. निम्मे आज, निम्मे पुढच्या आठवड्यात असं केलं की काही पैसे दोनदा मोजले जातात आणि काही राहून जातात.

सगळ्यात आधी रोकड आणि बँक. घरातले पैसे, पाकिटातले, मोबाईल वॉलेटमधले, सगळ्या खात्यांतले. पगार कालच जमा झाला असेल तर तोही त्यातच आला, कारण तो आता तुमच्या मालकीचा आहे. मुलीच्या लग्नासाठी, हजसाठी, घराच्या डाउन पेमेंटसाठी बाजूला ठेवलेत असं म्हणून पैसे वगळता येत नाहीत. ठेवलेत म्हणजे तुमचेच आहेत. भरून झाले की मग ते तुमचे राहिले नाहीत.

एफडी आणि रिकरिंगमध्ये तुम्ही टाकलेली मूळ रक्कम धरायची. त्यावरच्या व्याजाचं काय, तर व्याजाची अडीच टक्के जकात काढून उरलेलं पाक होत नाही. ते व्याज पूर्णच्या पूर्ण सवाबची नीयत न ठेवता गरिबाला देऊन टाकायचं, आणि ती रक्कम जकातमध्ये मोजायची नाही. बचत खात्यावर जमा होणारं व्याजही त्यातच आलं.

म्युच्युअल फंड आणि शेअर्स. विकून नफा कमवायचा म्हणून घेतले असतील तर त्या दिवशीची पूर्ण बाजारभावाने किंमत. फक्त डिव्हिडंडसाठी वर्षानुवर्षं ठेवले असतील तर कंपनीच्या मशिनरी-इमारतीचा हिस्सा वगळायची सवलत आहे, पण त्यासाठी कंपनीचा ताळेबंद बघावा लागतो. ते जमत नसेल तर पूर्ण किंमत धरा, जास्त गेलं तर ते सदका म्हणजे ऐच्छिक दान होईल.

उसने दिलेले पैसे. समोरचा मान्य करतोय आणि परत मिळण्याची खात्री आहे तर ते तुमचेच, धरायचे. हनफी मसल्यात अशा पैशांची जकात लागू तर होते पण द्यायची घाई नाही, हातात आल्यावर मागच्या सगळ्या वर्षांची एकदम दिली तरी चालते. माझ्या मते दरवर्षी देऊन टाकणं सोपं, नाहीतर पाच वर्षांनी हिशोब लागत नाही. बुडीत खात्यात गेलेले, माणूस नाकारतोय आणि पुरावा नाही, असे पैसे सोडून द्या.

प्रॉव्हिडंट फंडावर सगळ्यात जास्त वाद होतो. पगारातून जे सक्तीने कापलं जातं आणि ज्यात कंपनी आपला हिस्सा टाकते, ते तुमच्या ताब्यात कधी आलेलंच नाही, सगळं हवं तेव्हा काढताही येत नाही. म्हणून हनफी उलमांचं म्हणणं असं की मिळेपर्यंत त्यावर जकात नाही आणि मिळाल्यावर मागच्या वर्षांचीही नाही. मिळालं की तिथून पुढे ते बाकी पैशांसारखं मोजायचं. पण तुम्ही आपल्या मर्जीने जास्तीचं कापायला सांगितलंय तो भाग वेगळा, ते तुमचेच पैसे तुम्ही तिथे ठेवलेत, तो दरवर्षी धरायचा. ग्रॅच्युइटीचंही तेच, मिळेपर्यंत काही नाही.

सोनं-चांदी. हनफी मसल्यात दागिना घालायचा असो, लॉकरमध्ये असो, नाणं असो की बिस्किट, सगळ्यावर जकात. त्या कॅरेटचा त्या दिवशीचा भाव घ्यायचा, खड्यांचं वजन वजा करायचं, घडणावळ धरायची नाही. हिरे, मोती, माणिक यांवर जकात नाही, ते धंद्यासाठी असतील तरच. शाफई मसल्यात बाईच्या नेहमीच्या वापरातल्या दागिन्यांवर जकात नाही, पण गुंतवणूक म्हणून ठेवलेल्या सोन्यावर आहे.

जमीन किंवा फ्लॅट विकत घेताना नीयत काय होती यावर सगळं अवलंबून आहे. भाव वाढला की विकायचं, याच पक्क्या नीयतीने घेतला तर तो धंद्याचा माल, दरवर्षी चालू बाजारभावाने धरायचा. राहायला घेतला, भाड्याने द्यायला घेतला, किंवा घेताना काही ठरवलंच नव्हतं, तर त्याच्या किमतीवर जकात नाही, भाड्यातून जे उरून खात्यात आहे तेवढं बँकेच्या आकड्यात आपोआप येतं.

राहतं घर, गाडी, फ्रीज, फर्निचर, कपडे, फोन, लॅपटॉप, पुस्तकं, यातलं काही मोजायचं नाही, कितीही महाग असो.

काय वजा करायचं

इथे लोक फार उदार होतात. घराचं लोन अठरा लाखांचं आहे, बचत पाच लाख, म्हणजे मी तर कर्जात, माझ्यावर जकात कसली, असं सरळ म्हणतात. पण ते अठरा लाख आज कोणी मागत नाहीये, ते पंधरा-वीस वर्षांत फिटणार आहेत. म्हणून लांबच्या लोनची अख्खी रक्कम वजा करायची नाही. आज देणं झालेला पण भरायचा राहिलेला हफ्ता तेवढा वजा करायचा. काही उलमा पुढच्या बारा महिन्यांच्या हफ्त्यांतली मुद्दल वजा करायला परवानगी देतात, तुमचे मुफ्ती ते सांगत असतील तर तसं करा, पण दरवर्षी एकच पद्धत ठेवा आणि व्याजाचा भाग त्यात घेऊ नका.

बाकी क्रेडिट कार्डचं आलेलं बिल, थकलेलं भाडं, वीजबिल, शाळेची ड्यू झालेली फी, मित्राकडून उसने घेतलेले पैसे जे परत द्यायचेच आहेत, भरायचा राहिलेला टॅक्स, आणि मागच्या वर्षाची राहिलेली जकात, हे वजा होतं. पुढच्या महिन्याचं रेशन, पुढच्या टर्मची फी, येणारं भाडं, हे वजा होत नाही, कारण ते अजून देणं झालेलंच नाही. बायकोचा मेहर बाकी असेल आणि तो लवकर द्यायची तयारी चालू असेल तरच वजा करा, नुसता कागदावर लिहिलेला आणि कधी द्यायचा विचारच नाही असा मेहर जकात टाळायला वापरू नका.

शाफई मसल्यात कर्ज असलं तरी जकात माफ होत नाही, तिथे वजाबाकी करायची नाही.

एक हिशोब पूर्ण करून बघू

आकडे समजायला सोपे म्हणून गोल धरलेत, भावही मानलेले आहेत. चांदी १०० रुपये ग्रॅम, बावीस कॅरेट सोनं ९,००० रुपये ग्रॅम असं समजा. म्हणजे निसाब झाला ६१२.३६ गुणिले १००, ६१,२३६ रुपये.

साजिद नावाचा एक नोकरदार धरू, हनफी, तारीख १ रमजान. पगार होऊन दोन दिवस झालेत आणि मागच्याच महिन्यात बोनसही आलाय, खात्यात १,१८,००० आहेत. पाकिटात आणि वॉलेटमध्ये मिळून ७,०००. एफडीचं स्टेटमेंट २,११,००० दाखवतंय पण त्यात ११,००० व्याज, मूळ २,००,०००. म्युच्युअल फंड आज ९०,००० चा. चुलतभावाला दुकानासाठी ४०,००० दिलेत, तो देणारा माणूस आहे. पीएफमध्ये सक्तीचे ३,६०,००० आणि मर्जीने टाकलेले ५०,०००. स्वतःचा फ्लॅट आहे, त्यावर लोन चालू, आणि एक बाईक.

फ्लॅट, बाईक आणि सक्तीचा पीएफ बाजूला. एफडीतले ११,००० वेगळे काढून द्यायचे, ते जकातीच्या कागदावर नको. उरलं ते असं: १,१८,००० अधिक ७,००० अधिक २,००,००० अधिक ९०,००० अधिक ४०,००० अधिक ५०,०००, बेरीज ५,०५,०००.

देणं बघू. या महिन्याचा लोनचा हफ्ता १६,००० अजून कापला गेला नाही, क्रेडिट कार्डचं बिल १४,०००, सोसायटी मेंटेनन्स आणि वीज मिळून ५,०००. एकूण ३५,०००. वजा करून राहिले ४,७०,०००. निसाबाच्या वर आहेत, म्हणून पूर्ण रकमेवर जकात, फक्त निसाबाच्या वरच्या भागावर नाही, इन्कम टॅक्सच्या स्लॅबसारखं समजू नका. ४,७०,००० भागिले ४०, जकात ११,७५०. टक्केवारीत गोंधळ होत असेल तर सरळ चाळीसने भागा, अडीच टक्के म्हणजे तेच.

वर्षात त्याने एका गरजू म्हाताऱ्या बाईला औषधाला ३,००० दिले होते आणि देतानाच जकातची नीयत होती. ते वजा, आता ८,७५० द्यायचेत. नीयत नसती तर ते सदका झाले असते. देऊन झाल्यावर, पैसे खर्चही झाल्यावर, आता तेच जकातीत धरतो असं करता येत नाही. म्हणून मधूनमधून देणाऱ्यांनी फोनमध्ये एक नोंद ठेवावी, कधी, किती, नीयत जकातची.

आता त्याची बायको. ती कमावत नाही, पण दागिने तिचे आहेत. जकात घरावर नसते, प्रत्येक माणसाची वेगळी, नवऱ्याच्या हिशोबात बायकोचं सोनं मिसळायचं नाही. दागिन्यांचं वजन ४२ ग्रॅम, त्यात खडे २ ग्रॅम, सोनं ४० ग्रॅम, बावीस कॅरेट, किंमत ३,६०,०००. तिच्या खात्यात ६,०००. एकूण ३,६६,०००, देणं काही नाही, जकात ९,१५०. सराफाच्या भाषेत चारच तोळे सोनं, आणि जकात नऊ हजारांच्या वर. हीच बाई शाफई असती आणि दागिने रोजच्या वापरातले असते तर उरले फक्त ६,०००, निसाबाच्या खूप खाली, म्हणजे काहीच लागलं नसतं.

हे ९,१५० तिने आणायचे कुठून? जबाबदारी तिची आहे, नवऱ्याची नाही. नवऱ्याने तिच्या परवानगीने तिच्या वतीने भरले तर अदा होते, बहुतेक घरांत तसंच होतं. नवरा भरत नसेल तर तिने महिन्याला थोडंथोडं आगाऊ द्यावं, साडेसातशे-आठशे रुपये, वर्ष संपेपर्यंत निपटतं. तेही शक्य नसेल तर एखादा छोटा दागिना मोडून द्यावा लागतो, ऐकायला कडक वाटतं पण मसला तोच आहे.

लहान मुलांच्या नावावर पैसे किंवा सोनं असेल आणि ते खरंच त्यांच्या मालकीचं करून दिलं असेल तर हनफी मसल्यात नाबालिगावर जकात नाही, शाफईमध्ये पालकाने मुलाच्या मालातून काढायची.

कोणाला द्यायची

सूरह तौबाच्या ६० व्या आयतीत आठ प्रकारचे लोक सांगितलेत: फकीर, मिस्कीन, जकात गोळा करणारे, ज्यांची मनं जोडायची ते, गुलामी सोडवणं, कर्जात बुडालेले, अल्लाहच्या वाटेत, आणि प्रवासात अडकलेला. आपल्यासारख्या नोकरदाराच्या समोर रोज येतात ते गरीब, कर्जात बुडालेले आणि कधीतरी अडकलेला प्रवासी, म्हणून मी तिथेच थांबतो.

घेणाऱ्याची कसोटी दिसण्यावर नाही. फाटके कपडे म्हणजे हक्कदार आणि नीटनेटका म्हणजे नाही, असं नसतं. हनफी कसोटी अशी की त्याच्याकडे निसाबाएवढा माल नसावा, आणि इथे रोख-सोन्याबरोबर गरजेपेक्षा जास्त असलेल्या वस्तूही मोजतात, जसं रिकामा पडलेला प्लॉट किंवा वापरात नसलेलं महाग सामान. राहतं घर आणि कामाची वस्तू मोजत नाहीत, म्हणून स्वतःच्या घरात राहणारा रिक्षावाला, रिक्षाही स्वतःची, तरी हक्कदार असू शकतो.

साजिदचंच बघा. त्याला आपल्या विधवा बहिणीला द्यायचेत. बहिणीला जकात चालते, हदीसप्रमाणे दुप्पट सवाब, सदक्याचा आणि नातं जोडण्याचा. पण बहिणीकडे १० ग्रॅमची चेन आहे, ९०,००० ची, आणि खात्यात २,०००. म्हणजे ९२,०००, ती स्वतःच साहिबे-निसाब, तिला जकात देता येत नाही. महिन्याचा खर्च भागत नाही तरी नाही. इथे दोन रस्ते खरोखर आहेत. एक, तिच्यावर कर्ज आहे का ते विचारा. नवऱ्याच्या आजारपणातले ५०,००० द्यायचे बाकी असतील तर ९२,००० मधून ते वजा होऊन ४२,००० राहतात, निसाबाच्या खाली, आता ती हक्कदार. दुसरा, तिची लहान मुलं. हनफी मसल्यात नाबालिग मूल बापाच्या मालामुळे मालदार धरलं जातं, आईच्या मालामुळे नाही. बाप वारलाय आणि मुलांच्या स्वतःच्या नावावर निसाबाएवढं काही नाही, तर त्या मुलांसाठी जकात आईच्या हातात देता येते, फी, वह्या, औषध, जे लागेल ते. फक्त बापाच्या वारशात मुलांचा हिस्सा किती आला हे आधी बघा.

आता नाही कोणाला. आई-वडील, आजी-आजोबा, मुलं, नातवंडं, नवरा-बायको एकमेकांना, यांना नाही, यांचा खर्च तसाही आपल्यावर असतो. (बायकोने गरीब नवऱ्याला द्यायचा मसला शाफईमध्ये चालतो, हनफीमध्ये नाही.) भाऊ, बहीण, काका, मामा, आत्या, मावशी, भाचे-पुतणे, सून, जावई, सावत्र मुलं, सासू-सासरे हे गरीब असतील तर चालतात. सय्यद घराण्यातल्याला जकात नाही, त्याला इज्जतीने इतर पैशांतून द्या. मुस्लिम नसलेल्या गरजू शेजाऱ्याला किंवा कामवाल्या बाईला जकात देता येत नाही, पण नफल सदका नक्की द्या.

दुसरी अट मालकीची. पैसे त्या गरिबाच्या हातात, त्याच्या मालकीचे व्हायला पाहिजेत. म्हणून मशिदीचं बांधकाम, रस्ता, बोअरवेल, कफन, इमामचा पगार, यात जकात जात नाही. कामवालीचा पगार किंवा ठरलेला बोनस जकातीतून नाही, पण ती मुस्लिम आणि हक्कदार असेल तर पगाराच्या वर वेगळे देता येतात. एखाद्याने तुमचे पैसे द्यायचेत आणि तो गरीब आहे, तर "जा, माफ केले, जकातीत धरतो" असं केल्याने जकात अदा होत नाही. आधी त्याच्या हातात जकातीचे पैसे ठेवा, तो त्याचा मालक झाला, मग तो तुमचं कर्ज फेडू शकतो. हॉस्पिटलचं बिल भरायचं असेल तर पेशंटला पैसे द्या, किंवा त्याच्या सांगण्यावरून त्याच्या वतीने भरा.

संस्थेला देत असाल तर तीनच गोष्टी विचारा: जकातीचं खातं वेगळं आहे का, पैसे गरिबाच्या मालकीचे करून देतात का, आणि कधीपर्यंत वाटप होतं. नीट उत्तर मिळालं नाही तर दुसरी संस्था बघा किंवा स्वतः वाटा.

घेणाऱ्याला ही जकात आहे हे सांगायची गरज नाही, भेट किंवा ईदी म्हणून दिली तरी तुमच्या मनात नीयत असली की पुरे. घरातल्या इज्जतदार माणसाला असंच द्यावं. पण चौकशी न करता देऊ नका, चौकशी करून दिली आणि नंतर कळलं की तो हक्कदार नव्हता, तर हनफी मसल्यात जकात अदा झाली. आणि एकाच माणसाला एकदम निसाबाएवढी रक्कम देणं मकरूह म्हणजे नापसंत आहे, तो कर्जात असेल किंवा खाणारी तोंडं जास्त असतील तर मात्र चालतं.

मागची वर्षं राहिली असतील तर

पाच वर्षं सोनं होतं आणि जकात दिलीच नाही, अशांची संख्या मोठी. ती माफ होत नाही, तौबा करून पैसेही द्यावे लागतात. जुन्या वर्षापासून सुरू करा, प्रत्येक वर्षाच्या तारखेला काय होतं ते बँक स्टेटमेंटवरून काढा, सोन्याचं वजन तर बहुधा तेच असतं. पहिल्या वर्षाची जकात काढा, मग दुसऱ्या वर्षाच्या मालातून ती राहिलेली जकात देणं म्हणून वजा करा, असं करत आजपर्यंत या. पैसा असेल तर त्या वर्षाचा चाळिसावा हिस्सा द्यायचा. सोनं असेल तर आधी ग्रॅममध्ये काढा, पहिल्या वर्षी ४० ग्रॅमवर १ ग्रॅम, दुसऱ्या वर्षी ३९ ग्रॅमवर, याप्रमाणे, आणि सगळे ग्रॅम एकत्र करून आजच्या भावाने पैसे द्या. एकदम देणं झेपत नसेल तर एकूण आकडा लिहून ठेवा, दर महिन्याला फेडत जा, आणि घरच्यांना तो कागद कुठे ठेवलाय हे सांगून ठेवा.